सहा फेऱ्या, पाच गाड्या

सुपा हे गाव आज धरणाच्या नावातच उरलं आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात, काळी नदीवर, गणेशगुडीजवळ बांधलेलं सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झालं. जुनं सुपा जलाशयाखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि विस्थापितांची वस्ती रामनगरला उभी राहिली. एका गावात जे एकत्र असू शकलं असतं, ते अशा रीतीने रस्त्यावर लांब लांब पसरलं. पाहुण्यांना उतरायची सोय आता गणेशगुडीच्या बाजूला नदीकाठी आहे, तालुक्याचं गाव जोयडा, आणि रेल्वेने येणारा उतरतो लोंढ्याला. म्हणून इथे दोन दिवसांचं एखादं संमेलन घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न वक्त्यांचा नसतो. गणेशगुडीला झोपलेली माणसं जोयड्याच्या सभागृहात वेळेवर कशी पोहोचवायची, हा असतो.

या प्रश्नाच्या पोटात एक सुंदर गणित दडलेलं आहे. ते उलगडण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, हिवाळ्यात जोयड्याला पक्षिनिरीक्षकांचं संमेलन आहे. जागा त्यासाठी साजेशी आहे. दांडेली-जोयड्याच्या जंगलात धनेशाच्या चार जाती दिसतात आणि हा सगळा टापू काळी व्याघ्र प्रकल्पाचा आहे. बाहेरगावचे १५० जण नोंदणी करतात, सगळे गणेशगुडीच्या हॉटेलात उतरणार. गाड्या वीस आसनांच्या मिनी बस. आयोजकांनी त्याच प्रकारच्या गाडीने, सकाळच्याच वेळी रस्ता चालवून पाहिला आणि एका बाजूला ४० मिनिटं लागतात असं ठरवलं. हे सारे आकडे उदाहरणापुरते आहेत. खऱ्या कामात ते प्रत्येकाने आपल्या रस्त्यावर मोजूनच घ्यायचे.

वेळापत्रक करायला बसलेला नवखा माणूस हॉटेलपासून सुरुवात करतो. आठ वाजता एक गाडी, साडेआठला दुसरी, नऊला तिसरी. कागद नीटनेटका दिसतो, पण त्याचा सत्राशी काही संबंध नसतो. जाणता माणूस उलटा चालतो. तो सत्राच्या घंटेपासून मागे मोजत येतो. पहिलं सत्र साडेनऊला आहे. माणूस गाडीतून उतरतो, बिल्ला घेतो, चहा घेतो, खुर्ची शोधतो, त्याला १५ मिनिटं. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर पुढे एखादा भरलेला ट्रक लागला किंवा गुरं आडवी आली, तर त्यासाठी १० मिनिटं राखीव. प्रवासाची ४० मिनिटं. एकूण ६५. म्हणजे पहिल्या सत्रासाठी हॉटेलातून सुटणारी शेवटची गाडी ८:२५ ची. त्यानंतर सुटणारी गाडी सत्राची गाडी नव्हे. साडेअकराच्या सत्रासाठी हीच रेघ १०:२५ वर पडते आणि दुपारच्या अडीचच्या सत्रासाठी १:२५ वर. या तीन वेळा म्हणजे वेळापत्रकाचे खांब. बाकी सगळ्या फेऱ्या त्यांच्या मागे रचायच्या.

किती फेऱ्या, हे नोंदणीवरून ठरतं. पण नोंदणीच्या अर्जात माणूस जी वेळ लिहितो, ती आपल्याला हवी असलेली वेळ नसते. ‘गाडी लोंढ्याला सकाळी सहाला पोहोचते’ एवढंच तो लिहितो. आपल्याला हवं असतं, तो हॉटेलच्या दारात गाडीत चढायला तयार कधी होईल. मधे सामान उतरवणं, लोंढा ते गणेशगुडी रस्ता, खोलीची किल्ली, आंघोळ, नाश्ता. आपल्या उदाहरणात स्टेशनापासून खोलीपर्यंत सव्वा तास आणि खोलीत एक तास धरला, तर सहाला उतरलेला माणूस सव्वाआठला तयार होतो. म्हणून अर्जाच्या तक्त्यात आणखी एक रकाना वाढवायचा, ‘तयार होण्याची वेळ’, आणि तो आयोजकानेच भरायचा. पुढची सगळी आकडेमोड याच रकान्यावर चालते.

आता मोजू. आदल्या रात्री मुक्कामाला आलेले ७२. पहाटेच्या रेल्वेने येणारे २८, तयार सव्वाआठला. स्वतःच्या वाहनाने किंवा एसटीने हॉटेलवर येऊन दहाच्या सुमाराला तयार होणारे ३०. दुपारी येणारे २०. बेरीज १५०. पहिल्या सत्राला न्यायचे १०० जण, दुसऱ्याच्या आधी ३०, तिसऱ्याच्या आधी २०.

शंभर माणसं, वीस आसनं, म्हणजे पाच फेऱ्या, असा भागाकार सगळ्यांच्या मनात लगेच येतो, आणि तिथेच पहिला घोळ होतो. सकाळी गाड्या काठोकाठ भरून सुटत नाहीत. तिघं मित्र असतील आणि दोनच जागा उरल्या असतील, तर तिघंही पुढच्या गाडीसाठी थांबतात. कुणाच्या हातात कॅमेऱ्याची मोठी पेटी असते. म्हणून सकाळच्या फेरीला वीसऐवजी १८ माणसं धरायची. मग शंभरांना सहा फेऱ्या लागतात, १०८ जागा होतात. पहिला मसुदा असा: ७:३५, ७:४५, ७:५५, ८:०५, ८:१५, ८:२५.

किती गाड्या लागतील? एक गाडी जाऊन, माणसं उतरवून, रिकामी परत येऊन पुन्हा भरायला तयार व्हायला किती वेळ घेते ते पाहू. जाताना ४०, उतरायला आणि गाडी वळवायला १०, परत ४०, हॉटेलला चढायला १०. एकूण १०० मिनिटं. ७:३५ ला सुटलेली गाडी पुन्हा सुटायला तयार होईल ९:१५ ला. तोवर शेवटची गाडी जाऊन पन्नास मिनिटं झालेली. म्हणजे सहा फेऱ्यांना सहा गाड्या. आयोजक सहा गाड्यांचे पैसे मोजतात आणि त्यातल्या बहुतेक दिवसभर झाडाखाली उभ्या राहतात.

इथेच कार्यक्रमपत्रिकेतली एक ओळ सगळं बदलून टाकते. पक्षिनिरीक्षकांचं संमेलन आहे, तेव्हा पहाटेचा पक्षिफेरफटका ठेवावा असं कुणीतरी सुचवतं. जोयड्याच्या कडेला, साडेसात ते नऊ. त्यासाठी आदल्या रात्री आलेल्या ७२ पैकी १८ जण नाव देतात. त्यांची गाडी गणेशगुडीहून सुटते ६:३० ला. ७:१० ला जोयडा, ७:२० ला रिकामी परत, आठला हॉटेलच्या दारात, ८:१० ला पुन्हा सुटायला तयार. ८:२५ ची फेरी हीच गाडी करते, आणि तिच्या हाताशी १५ मिनिटांची सवड उरते. आता फेऱ्या अशा: ६:३०, ७:३५, ७:५०, ८:०५, ८:१५, ८:२५. फेऱ्या सहाच, माणसं शंभरच, पण गाड्या पाच. धनेश बघायला पहाटे उठलेल्या अठरा जणांनी संमेलनाची एक अख्खी गाडी वाचवली. त्यांनी काही सोसलं नाही, उलट त्यांना हवं तेच मिळालं. एकाच वेळी उसळणारी गर्दी थोडी पुढे सरकवली की गाडी दोनदा वापरता येते. सगळी युक्ती एवढ्यात आहे.

पण या पाचांच्या खाली अजून एखादी गाडी वाचवता येईल का, हे कसं कळायचं? चुळबुळ करत वेळा इकडेतिकडे सरकवत बसायचं का? त्याला एक पक्की कसोटी आहे, आणि ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. एका कागदावर हॉटेलचा हिशेब मांडा. गाडी सुटली की एक मिळवा. परत आलेली गाडी पुन्हा सुटायला तयार झाली की एक वजा करा. ६:३० ला एक. ७:३५ ला दोन. ७:५० ला तीन. ८:०५ ला चार. ८:१० ला पहाटेची गाडी परत तयार, म्हणून पुन्हा तीन. ८:१५ ला चार. ८:२५ ला पाच. या चढउतारातला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे पाच. असाच हिशेब जोयड्याच्या टोकाला मांडा. तिथून सकाळी सुटणारी प्रत्येक गाडी आधी तिथे पोहोचलेली असते, त्यामुळे आकडा शून्याच्या वर जातच नाही. दोन्ही टोकांच्या मोठ्यांत मोठ्या आकड्यांची बेरीज, पाच आणि शून्य, म्हणजे त्या वेळापत्रकाला लागणाऱ्या कमीत कमी गाड्या. यापेक्षा कमी गाड्यांत हेच वेळापत्रक चालवणं कुणालाही शक्य नाही, आणि एवढ्यांत ते नक्की चालतं.

हा विचार कुठून आला हेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग आणि डेल्बर्ट फुलकरसन या दोन गणितज्ञांनी १९५४ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. तेलवाहू जहाजांना ठरलेल्या वेळी ठरलेल्या बंदरांवर माल भरायचा आणि उतरवायचा असेल, तर कमीत कमी किती जहाजं लागतील, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९८१ मध्ये इस्राएलचे अविशाय सेदर आणि हेल्मन स्टर्न यांनी बसगाड्यांसाठी वर मांडला तसा चढउताराचा हिशेब वापरला. मधे एखादी रिकामी फेरी घातली तर एकूण गाड्या कशा कमी होतात, हे त्यांनी दाखवलं. आपली ७:२० ची जोयड्याहून रिकामी परतणारी गाडी म्हणजे तीच गोष्ट. रिकामी गाडी पळवणं वाया गेलं असं वाटतं, पण त्या फेरीचं डिझेल एका जादा गाडीच्या दिवसभराच्या भाड्यापुढे फारच थोडं असतं.

हा हिशेब आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवतो. आकडा ज्या क्षणी शिखराला पोहोचतो, तो क्षण सांभाळायचा. आपल्याकडे तो ८:२५ आहे. इतर वेळी एखादी गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली तर फारसं बिघडत नाही. पण पहाटेची गाडी परतायला १५ मिनिटांहून जास्त उशीर झाला, तर शेवटची फेरी हुकते आणि तिच्यातले सगळे सत्राला उशिरा पोहोचतात. म्हणून त्या गाडीचा ड्रायव्हर नवखा नको. त्याने तो रस्ता पहाटेच्या धुक्यात आधी चालवलेला हवा. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये बाहेरगावाहून आणलेले बसचालक रस्ते चुकले आणि खेळाडू व पत्रकार अडकून पडले, हे जगाने पाहिलं आहे. जोयड्याच्या जंगलात वळणावर मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा वाटेत विचारून घेऊ, हा भरवसा इथे चालत नाही.

दुसरा धोका माणसांच्या स्वभावातून येतो. आदल्या रात्री आलेले ७२ जण. अठरा फेरफटक्याला गेले, उरलेले ५४ जण ७:३५, ७:५० आणि ८:०५ च्या तीन गाड्यांत बरोबर बसतात. रेल्वेचे २८ जण ८:१५ आणि ८:२५ च्या. कागदावर सगळं जुळतं. प्रत्यक्षात मुक्कामी माणसाला वाटतं, साडेनऊचं सत्र आहे, सव्वाआठच्या गाडीने जाऊ, घाई कशाला. मग ७:३५ ची गाडी अर्धी रिकामी जाते आणि ८:२५ ला दारात पन्नास जण उभे राहतात, त्यांत लोंढ्याहून धापा टाकत आलेले. म्हणून फलकावर नुसत्या वेळा लावून भागत नाही. प्रत्येकाच्या बिल्ल्यावर त्याच्या गाडीची वेळ छापायची, आणि शेवटच्या दोन गाड्यांत आधी रेल्वेवाल्यांना चढू द्यायचं. बिघाडाची खूणही लवकर दिसते. ७:३५ च्या गाडीत बारापेक्षा कमी डोकी दिसली, की दारावरच्या माणसाने लगेच नाश्त्याच्या खोलीत जाऊन ७:५० वाल्यांना हाक द्यायची. तेव्हा हातात पन्नास मिनिटं असतात. सव्वाआठला कळून उपयोग नसतो.

रेल्वेच उशिरा आली तर? अर्ध्या तासाच्या उशिराने ते २८ जण पावणेनऊला तयार होतात. ८:२५ ची गाडी त्यांच्यासाठी रोखून धरायचा मोह होतो, पण तिच्यात रेंगाळून चढलेल्या मुक्कामी माणसांचंही सत्र मग हुकतं. शिवाय ७:३५ ला गेलेली गाडी परत सुटायला तयार होते सव्वानऊला. त्यापेक्षा एक गाडी राखीव ठेवावी. ती ८:५० ला वीस जणांना घेऊन निघाली तर बरोबर साडेनऊला जोयड्याला टेकते. चहा नाही, पण पहिलं वाक्य ऐकायला मिळतं. उरलेल्या आठांना साडेअकराच्या सत्राच्या गाड्यांत जागा द्यावी लागते. तिथे १०:१० आणि १०:२५ च्या दोन फेऱ्यांत, काठोकाठ भरल्या तर, ४० जागा असतात, म्हणून आपल्या ३० जणांबरोबर हे आठही मावतात. राखीव गाडी धरली तर आपण पुन्हा सहावर आलो असं कुणी म्हणेल. पण त्या सहाव्या गाडीचं काम आता वेगळं आहे. ती रोजच्या फेऱ्यांना बांधलेली नाही, म्हणून पंक्चर, आजारी पाहुणा, उशिराची रेल्वे, यांतल्या कशालाही ती मोकळी असते. पाच गाड्या सहा फेऱ्या करतात आणि सहावी गाडी चुका झेलते.

दुपारी दोन गाड्या १२:३५ पर्यंत जोयड्याहून परत निघाल्या की १:२५ च्या दोन फेऱ्या सहज होतात. खरा प्रश्न संध्याकाळी परततो, आणि उलटा होऊन. सकाळी माणसं वेगवेगळ्या वेळी तयार होतात. संध्याकाळी साडेपाचला सत्र संपतं आणि दीडशे माणसं एकदम दारात येतात. पाच गाड्यांत, दाटून बसले तरी, शंभर जण जातात. परतीला माणसं गाडी काठोकाठ भरतात, म्हणून इथे वीस धरायला हरकत नाही. उरलेल्या पन्नासांना पहिली गाडी परत येईपर्यंत थांबावं लागतं.

किती वेळ? सकाळच्या हिशेबाने १०० मिनिटं. पण हिवाळ्यात सहा-साडेसहाला अंधार पडतो, आणि जंगलातल्या रस्त्यावर रात्री गाडी हळूच चालवावी लागते, कारण जनावरं रस्ता ओलांडतात. म्हणून संध्याकाळची फेरी ४० ऐवजी ५० मिनिटांची धरायची. ५:४० ला निघालेली गाडी ६:३० ला हॉटेलात, ६:४० ला परत, ७:३० ला जोयडा, ७:४० ला दुसरी खेप. त्या पन्नासांनी दोन तास करायचं काय? याचंही उत्तर कार्यक्रमपत्रिकेत आहे. सहा ते साडेसात या वेळात लोककलेचा कार्यक्रम ठेवा आणि नोंदणीच्या अर्जातच विचारा, थांबणार का? पन्नास जणांनी हो म्हटलं की आणखी तीन गाड्या घ्यायची गरज उरत नाही. पन्नासांहून बरेच कमी जण हो म्हणाले, तर मात्र अर्ज आधीच सांगतो की संध्याकाळपुरती जादा गाडी लागेल, आणि ते आठ दिवस आधी कळतं.

दुसऱ्या दिवशी वेगळीच परिस्थिती असते. आता दीडशेही जण हॉटेलात आहेत, कुणी रेल्वेने येणार नाही. १८ च्या हिशेबाने नऊ फेऱ्या हव्यात आणि गाड्या पाच. पहिल्या दिवसाचं वेळापत्रक जसंच्या तसं चालवलं तर चाळीसेक जण मागे राहतील. इथे सत्राची वेळ साडेदहा केली, तर शेवटची गाडी ९:२५ वर जाते. मग प्रत्येक गाडीला दोन खेपा मिळतात. पहिली खेप ७:१५ ते ७:२५ मध्ये, पाच गाड्या, नव्वद माणसं. त्या गाड्या ८:५५ ते ९:०५ या वेळात पुन्हा तयार होतात आणि त्यांतल्या चार गाड्या ९:१० ते ९:२० मध्ये उरलेल्या साठांना घेऊन निघतात. हाताशी १५ मिनिटांची सवड राहते. पाचवी गाडी हॉटेलवर मोकळी.

आठच्या सुमाराला जोयड्याला पोहोचलेल्या नव्वद जणांना मात्र अडीच तास नुसतं बसवून ठेवता येणार नाही. त्यांचा नाश्ता हॉटेलातून हलवून सभागृहात ठेवायचा. म्हणजे वाहतुकीचा प्रश्न सोडवायला स्वयंपाक्याशी बोलावं लागतं, आणि हे बोलणं कार्यक्रमपत्रिका छापायच्या आधी व्हायला हवं. पहिल्या दिवशी प्रत्येक ड्रायव्हरने एका कागदावर तीन आकडे टिपले असतील, खरी सुटण्याची वेळ, गाडीतली डोकी आणि खरी पोहोचण्याची वेळ, तर रात्री त्यांवरून दुसऱ्या दिवसाच्या ४० मिनिटांची आणि १८ माणसांची खातरजमा करता येते. रस्त्याला ४५ मिनिटं लागत असतील तर जाऊन-येऊन फेरी ११० मिनिटांची होते आणि १५ मिनिटांच्या सवडीतून १० निघून जातात. शेवटच्या गाडीची रेघही पाच मिनिटं मागे, ९:२० वर येते. तेव्हा पहिली खेप ७:०५ ला काढायची आणि रात्रीच सगळ्यांना तसं कळवायचं.